पन्नास घड आणि एक व्हॉल्व्ह

प्रयोगरचनेचा भाग शिकवून झाला की मी वर्गाला एक प्रसंग लिहून देतो. सोबत गणित नसतं, फक्त एवढाच प्रश्न असतो की यात काय चुकलंय ते शोधा. यंदाचा प्रसंग मुद्दाम केळीच्या बागेतला घेतला, कारण आमच्या वर्गातली निम्मी मुलं रावेर-यावलकडची आहेत आणि घडाचं वजन हा त्यांच्या घरातला रोजचा विषय आहे. प्रसंग कल्पित आहे, तो असा:

एका शेतकऱ्याची तीन एकर केळी आहे. टिश्यू कल्चरची रोपं, मृगबाग, लागवड पाच बाय पाच फुटांवर. एका जैविक अर्काने घड वजनदार होतो का, हे त्याला बघायचं आहे. विहिरीकडच्या पूर्वेच्या दीड एकराला एक व्हॉल्व्ह आहे, पश्चिमेच्या दीड एकराला दुसरा. पूर्वेच्या व्हॉल्व्हवर त्याने ठिबकमधून चार वेळा अर्क सोडला, पश्चिमेला काहीच सोडलं नाही. पूर्वेकडची काही झाडं 'जोर धरत नाहीत' म्हणून मध्येच काढून टाकली. काढणीला अर्क विकणारा प्रतिनिधी स्वतः आला आणि त्याने दोन्हीकडचे पन्नास-पन्नास घड निवडून तोलले. पूर्वेची सरासरी २४ किलो, पश्चिमेची २१, प्रमाण विचलन दोन्हीकडे ४. टी-चाचणीत p, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी आला. निष्कर्ष लिहिला: अर्कामुळे घडामागे तीन किलो वाढ.

चाळीस मुलांपैकी बहुतेकांनी पहिली चूक लिहिली ती अशी: 'नमुना लहान आहे.' मला या उत्तराचा मनापासून त्रास होतो, कारण ते कुठल्याही प्रसंगाला चिकटवता येतं आणि इथे ते चक्क चुकीचं आहे. चारचं विचलन आणि पन्नास-पन्नास घड असताना दोन सरासरींमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.८ किलो येते. तीन किलोचा फरक तिच्या पावणेचार पट आहे. पूर्वेचे घड पश्चिमेच्या घडांपेक्षा वजनदार होते यात शंका घ्यायला जागाच नाही. पन्नासाऐवजी पाचशे घड तोलले असते तर तीच गोष्ट आणखी ठामपणे कळली असती. मात्र शेतकऱ्याला विचारायचं होतं अर्काबद्दल, आणि उत्तर मिळालं दिशेबद्दल.

पूर्वेकडे अर्क होता, पण त्याखेरीज काय काय होतं, ते मी वर्गाला विचारलं. इथे बागायतदारांची मुलं बोलायला लागली. विहीर जवळ म्हणजे ठिबकला दाब चांगला, लांबच्या टोकाला ड्रिपरमधून पाणी कमी पडतं. पश्चिमेच्या कडेला वारा अडवायला शेवरी लावलेली नसेल तर उन्हाळ्यातला झोत आधी तीच झाडं खातात, पानं फाटतात. एकाच वावरात जमिनीची खोली बदलते, नाल्याकडे गाळ, वरच्या अंगाला मुरूम. एक मुलगा म्हणाला, "सर, घराकडच्या बाजूला माणसाचं लक्षही जास्त जातं." हे सगळं अर्कासोबत एकाच व्हॉल्व्हला बांधलं गेलं होतं. कशामुळे किती वजन वाढलं, हे आता कुठल्याही चाचणीने वेगळं काढता येत नाही.

यातून त्या प्रसंगातली सगळ्यात खोल चूक दिसते, आणि ती फक्त दोघांनाच सापडली. अर्क झाडाला दिलेला नव्हता, व्हॉल्व्हला दिलेला होता. 'याला अर्क, त्याला नाही' हा निर्णय शेतकऱ्याने शंभर वेळा घेतला नाही, एकदाच घेतला. म्हणून प्रयोगाचं एकक झाड नसून व्हॉल्व्ह आहे, आणि एकूण एककं दोनच: एक अर्काचं, एक बिनअर्काचं. पन्नास घड हे त्या एका एककाचीच पन्नास मापं आहेत. तापात रुग्णाचं तापमान पन्नास वेळा मोजलं म्हणून पन्नास रुग्ण होत नाहीत, तसंच हे. टी-चाचणीला आपण n म्हणून ५० सांगितलं आणि तिने विश्वास ठेवला. खरं तर प्रत्येक बाजूला n एक होता, आणि एकेका एककावरून दोन अर्काच्या व्हॉल्व्हमध्ये आपापसात किती फरक पडला असता हे कळायला मार्गच नाही. या चुकीला पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली नाव दिलं, आपण मराठीत तिला आभासी पुनरावृत्ती म्हणू. ती ओळखायची खूण सोपी आहे: उपचार कुणाला मिळाला हे ठरवताना नाणं किती वेळा उडवलं असतं, ते मोजा. तेवढीच एककं.

मग मी वर्गाला म्हटलं, आता हाच प्रश्न घेऊन प्रयोग नीट रचा.

पहिली सूचना आली ती एकाआड एक ओळीची: एका ओळीला अर्क, दुसरीला नाही. वरवर बघता दोन्ही गट सगळीकडे सारखे पसरतात. पण केळीची मुळं शेजारच्या ओळीत जातात, त्यामुळे बिनअर्काच्या ओळीलाही अर्क चाखायला मिळतो आणि दोन्हींतला फरक पुसट होतो. दुसरं म्हणजे पुढची ओळ कोणाची हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. पहिली ओळ कुठून धरायची हे ठरवताना माणूस नकळत बरी ओळ अर्काला देतो, आणि तिथून सगळी मांडणी ठरून जाते.

शेवटी जी मांडणी ठरली ती अशी. अर्क ठिबकमधून सोडायचा नाही, मापाने बुंध्याशी आळवणी करायची, म्हणजे व्हॉल्व्हचं बंधन सुटतं. पाच ओळी आणि प्रत्येकीत सहा झाडं असा तीस झाडांचा एक वाफा धरायचा. आळवणी तिसांनाही, पण तोलायचे फक्त आतल्या तीन ओळींतल्या चार-चार झाडांचे, म्हणजे बारा घड. कडेची अठरा झाडं राखण म्हणून उभी राहतात: शेजारच्या वाफ्यातून मुळांनी जे काही येईल ते त्यांनी झेलायचं. असे सोळा वाफे, दोन-दोनच्या आठ जोड्यांत. जोडीतले दोन्ही वाफे एकमेकांना लागून आणि ठिबकच्या सबमेन पाइपपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे पाण्याचा दाब, वारा, मातीचा पोत जोडीच्या आत जवळपास एकसारखा. एकूण ४८० झाडं लागतात. पाच बाय पाचवर एकरी १७४२ झाडं बसतात, म्हणजे हा प्रयोग पाव एकराच्या थोडा वर जातो. तीन एकरांची गरजच नव्हती.

आणि मग प्रत्येक जोडीसाठी नाणं. छापा पडला तर पूर्वेच्या वाफ्याला अर्क, काटा पडला तर पश्चिमेच्या. शेतावरच्या प्रयोगात चिठ्ठी टाकण्याची ही रीत १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी रुजवली, गट पाडण्याची रीतही तिथलीच. जोड्या पाडल्याने आपल्याला माहीत असलेला उतार, दाब, वारा यांचा बंदोबस्त होतो. नाण्याने माहीत नसलेल्या गोष्टींचा होतो. म्हणजे त्या गोष्टी नाहीशा होत नाहीत, पण त्या अर्काच्या बाजूने झुकण्याची शक्यता विरुद्ध बाजूने झुकण्याइतकीच राहते आणि ती शक्यता मोजता येते.

रावेरकडच्या एका मुलीला हे इतकं पटलं की तिने घरच्या बागेतच वाफे आखले. नाणं उडवायला मीही बांधावर गेलो होतो. वाफे आखताना रोगट किंवा खुरटी झाडं जिथे होती त्या जागा तिने आधीच टाळल्या, नाणं उडवण्यापूर्वी, कारण नंतर टाळल्या तर टाळणाऱ्याला बाजू माहीत असते. पहिल्या चारही जोड्यांना छापा पडला. चारही अर्काचे वाफे पूर्वेला. तिचे वडील म्हणाले, "बेटा, हे काही बरोबर नाही झालं, एखादा पुन्हा उडव." ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोललो नाही. तिने वहीत चौथ्यापुढे छापा लिहिला आणि म्हणाली, "आबा, पुन्हा उडवला तर मग मीच ठरवल्यासारखं होईल." चार वेळा ओळीने एकच बाजू पडण्याची शक्यता आठात एक असते, म्हणजे अगदी नेहमीची गोष्ट. नाण्याचा निकाल डोळ्याला नीट दिसेपर्यंत उडवत राहिलं की ते नाणं राहत नाही. पूर्व-पश्चिम फरकाची खरोखर भीती असेल तर तो नियम आधी करायचा: चार जोड्यांत पूर्वेला, चारांत पश्चिमेला, आणि कुठल्या चार ते चिठ्ठीने. नाणं पडल्यावर नियम बदलायचा नाही.

आता बिनअर्काचा गट. मूळ प्रसंगात पश्चिमेला 'काहीच' दिलं नव्हतं, आणि बऱ्याच मुलांना तोच नियंत्रण गट वाटला. पण आळवणीत अर्कासोबत पाणीही जातं, माणूस झाडाजवळ जातो, वाकतो, तण दिसलं तर उपटतो, पिल वाढलेलं दिसलं तर कापतो. नियंत्रण गटाला यातलं सगळं मिळालं पाहिजे, फक्त अर्क नको. म्हणून त्यालाही तेवढ्याच मापाने, त्याच दिवशी, नुसत्या पाण्याची आळवणी.

मात्र नुसतं पाणी रंगावरून लगेच ओळखू येतं. एकाने सुचवलं, गुळाचं पाणी घालू, रंग जुळेल. यावर वर्गात चांगलीच जुंपली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "गूळ तर आम्ही जीवामृतात घालतो, तो जिवाणूंना खायला घालायलाच असतो." तिचं बरोबर होतं. नकली उपचार दिसायला सारखा हवा, पण त्याने पिकाला काही करता कामा नये. गुळाने काही केलं तर अर्काचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसेल. खाण्याचा रंग चिमूटभर, अपारदर्शक डबे आणि झाकणाला भोक पाडून नळी, एवढ्यावर निभावलं. वास मात्र लपला नाही. अर्काला समुद्री शेवाळासारखा उग्र वास होता आणि आळवणी करणाऱ्या माणसाला तो येणारच.

कुठल्या वाफ्याला काय मिळालं हे माणसांपासून लपवणं म्हणजे अंधत्व, आणि अशा वेळी 'अंधत्व जमलं नाही' म्हणून सोडून द्यायचं नसतं. कुणाचं अंधत्व कुठे कामाला येतं ते बघायचं. आळवणी करणाऱ्याला कळलं तर तो एका वाफ्याची जास्त काळजी घेईल, ही भीती आहे. त्यावर उपाय म्हणून खत, पाणी, पिलकापणी ही कामं दुसऱ्या माणसांकडे दिली, आणि आळवणीवाल्याने डबा रिकामा करून निघून जायचं असं ठरलं. खरा धोका काढणीच्या दिवशी असतो. घड कधी कापायचा, दांडा किती ठेवायचा, काटा डुलत असताना २१.४ लिहायचं की २१.६, डाग पडलेला घड मोजायचा की नाही, असे चार निर्णय प्रत्येक घडामागे घ्यावे लागतात. बाजू माहीत असलेला माणूस अजिबात खोटं न बोलता या चारांतून अर्धा किलो इकडून तिकडे करू शकतो. मूळ प्रसंगात हे निर्णय अर्क विकणाऱ्याच्या हातात होते, आणि वर घडही त्यानेच निवडले होते.

म्हणून तोलणाऱ्याचं अंधत्व पक्कं केलं. वाफ्यांना 'अ' आणि 'ब' अशी नावं दिली नाहीत. तसं केलं असतं तर एका वाफ्याचं गुपित फुटलं की सोळाच्या सोळा वाफ्यांचं फुटलं. प्रत्येक वाफ्याला स्वतंत्र तीन आकडी क्रमांक, तोच डब्यावर. क्रमांकांची किल्ली एका बंद पाकिटात, आमच्या विभागाच्या कपाटात. डबे भरणाऱ्या मुलाने ना आळवणी करायची ना तोलायचं. काढणीचा नियम आधीच लिहून ठेवला: निसवण होऊन घड बाहेर पडला की झाडाला तारखेची चिठ्ठी बांधायची आणि त्या दिवसापासून ठरलेले दिवस भरले की कापायचं, व्यापारी काहीही म्हणो. घड जितका जास्त दिवस झाडावर राहील तितका भरतो, त्यामुळे एका बाजूला आठवडा जास्त मिळाला तर तेवढ्यानेच फरक दिसेल. दांडा पहिल्या फणीच्या वर एक वीत, आणि ती वीत म्हणजे एकाच मापाची काठी. शेवटचा घड तोलून झाला की पाकीट उघडण्याआधी तोलणाऱ्यांनी प्रत्येक वाफ्यापुढे 'अर्क' की 'पाणी' असा अंदाज लिहायचा. सोळात आठ-नऊ बरोबर आले तर अंधत्व टिकलं. चौदा बरोबर आले तर वजनाचे आकडे वाचताना ते ध्यानात ठेवायचं. पण अर्क खरंच जोरदार असेल आणि घड डोळ्यांना मोठे दिसत असतील तरीही अंदाज बरोबर येतात, म्हणून कशावरून ओळखलं तेही सोबत लिहायला सांगितलं.

झाडं काढून टाकण्याचा मुद्दा मुलांनी दोन ओळींत उरकला होता, त्याला जास्त जागा हवी होती. पूर्वेकडची 'जोर न धरणारी' झाडं काढली, पश्चिमेकडची राहिली. अर्काने काहीही केलं नसतं तरी पूर्वेची सरासरी वर गेलीच असती, हलकी झाडं वगळल्यामुळे. बागेत झाडं जाणारच: कुकुंबर मोझॅक रोग आला तर झाड उपटावंच लागतं, वादळात झाड मोडतं. नियम असा केला की रोगट झाड उपटायचा निर्णय बाजू माहीत नसलेल्या माणसाने घ्यायचा आणि प्रत्येक वाफ्यातून किती गेली ते वजनाशेजारी मांडायचं. एका बाजूची बारापैकी चार आणि दुसरीची एकही नाही असं झालं, तर तीच बातमी आहे. उरलेल्यांची सरासरी तेव्हा फसवी ठरते, आणि वाफ्यातलं एकूण वजन बघावं लागतं, गेलेल्या झाडाचं शून्य धरून.

विश्लेषणासाठी मी प्रश्नाच्या दुसऱ्या भागात कल्पित आकडे दिले होते, मुलीच्या बागेचे नव्हेत. प्रत्येक वाफ्याच्या बारा घडांची सरासरी काढायची, मग जोडीत अर्क वजा पाणी. आठ फरक किलोमध्ये असे:

```
1.2  0.4  -0.6  1.5  0.9  -0.3  1.1  0.6
```

सरासरी ०.६ किलो. आता नाण्याकडे परत जायचं. अर्काने कुठल्याच वाफ्याला काही झालं नाही असं धरलं, तर हे आठ आकडे तेच राहिले असते, फक्त नाणं उलटं पडलं असतं तर त्या जोडीचं चिन्ह बदललं असतं. आठ नाण्यांच्या २५६ मांडण्या होतात. त्यांतल्या किती मांडण्यांत सरासरी ०.६ किंवा त्याहून जास्त येते? आकड्यांची चिन्हं सोडून बेरीज ६.६ आहे, आपली बेरीज ४.८. म्हणजे ऋण झालेल्या आकड्यांची बेरीज ०.९ किंवा कमी हवी. एकही ऋण नाही, ही एक मांडणी. एकटा ०.३, ०.४, दोन ०.६, ०.९, या पाच. ०.३ सोबत ०.४, आणि ०.३ सोबत दोनपैकी एक ०.६, या तीन. एकूण नऊ. उलट दिशेच्याही नऊ धरल्या तर २५६ मध्ये १८, म्हणजे p सुमारे ०.०७. हे वर्गात बोटांवर मोजता आलं, आणि p म्हणजे काय हे त्या दिवशी काही मुलांना पहिल्यांदा कळलं असं मला वाटतं: जे नाणं आपण खरोखर उडवलं, त्याच नाण्याचा तो हिशेब आहे. मूळ प्रसंगात नाणं उडवलंच नव्हतं, त्यामुळे तिथल्या ०.००१ च्या मागे उभं राहायला काही नव्हतं.

जोडीची टी-चाचणी केली तर प्रमाण त्रुटी ०.२६ येते आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण उणे ०.०२ ते १.२२ किलो. काही मुलांनी लगेच लिहिलं, 'p ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून अर्काचा परिणाम नाही.' मी हे गुण कापून परत दिलं. अंतरालात शून्य जेमतेम येतं, पण त्यात सव्वा किलोही आहे. एकरी १७४२ झाडांना ०.६ किलो म्हणजे दहा क्विंटलच्या वर, आणि वरच्या टोकाला २१ क्विंटल. ज्या शेतकऱ्याला अर्क घ्यायचा की नाही ठरवायचं आहे त्याला हे दोन्ही आकडे सांगायला हवेत, आणि आठ जोड्यांनी एवढंच कळतं हेही. सोळा जोड्या घेतल्या आणि फरकांचा पसारा असाच राहिला, तर अंतराल दोन्ही बाजूंना ०.६२ ऐवजी ०.३९ किलोवर येतं. त्याऐवजी आठच जोड्या ठेवून वाफ्यातले बाराचे चोवीस घड तोलले तर फारसं हाती लागत नाही, कारण वाफ्या-वाफ्यांतला फरक घड वाढवून कमी होत नाही. एककं वाढवावी लागतात.

मुलीच्या बागेत आता निसवण सुरू झाली आहे. परवा ती सांगत होती की ३१७ नंबरच्या वाफ्यात चिठ्ठ्या सगळ्यांत आधी बांधून झाल्या आणि वडील रोज विचारतात, तो अर्काचाच आहे ना. ती सांगत नाही. पाकीट आमच्या कपाटात आहे आणि ते कुणीही उघडलेलं नाही.